कंसातला एच

मामा, तुमची सहीची वही आता माझ्याकडे आहे. तुमची ती जाड, पिवळ्या पानांची डिक्शनरीही. मामींनी दोन्ही एका पिशवीत घालून दिल्या, वर रंगाचं फडकं बांधलं आणि म्हणाल्या, "ने बाय, तूच ने. मला यातलं काय कळतंय? तुमचं दोघांचं भांडण हाय ते, तुमच्यातच राहू दे."

पारनेरच्या एस.टी. स्टँडमागे पत्र्याच्या गाळ्यात तुम्ही चाळीस वर्षं बोर्ड रंगवले, पण श्रद्धांजलीच्या चार ओळींत उरकावं असे माणूस नव्हतात तुम्ही. हे मी तुम्हालाच लिहिते आहे, कारण भांडण तुमच्याशी आहे आणि ते अजून मिटलेलं नाही.

वहीपासूनच सुरू करते. गिऱ्हाईक आलं की तुम्ही आधी वही पुढे करायचात. बोर्डावर काय पाहिजे ते त्याने स्वतःच्या हाताने लिहायचं, खाली सही करायची, मगच तुम्ही ब्रश उचलणार. लिहिता न येणारा आला तर त्याच्या पोराला नाही तर शेजारच्या पानवाल्याला बोलावून लिहून घ्यायचं आणि याचा अंगठा. "मजकूर तुमचा, अक्षर माझं," हा तुमचा कायदा. उद्या नाव चुकलं, गावाचा काना राहिला, तर वही उघडायची. तालुक्यातल्या सगळ्या पेंटरांत ही पद्धत फक्त तुमची. लोक हसायचे. "पेंटर हाय का तलाठी?" म्हणायचे.

इंग्रजी मजकूर असला की वहीच्या जोडीला डिक्शनरी यायची. सातवीपर्यंत शिकलेला माणूस डिक्शनरीत काय बघतो, हा मला कॉलेजात जाईपर्यंत प्रश्नच होता. तुम्हाला अर्थ लागत नव्हते. अक्षरांची रांग मात्र पाठ होती. बोट ठेवून शब्द शोधायचात, सापडला की शेजारी पेन्सिलीचा ठिपका द्यायचात. ठिपका म्हणजे हा शब्द आपण रंगवलाय. "अर्थ तुझ्याकडं, स्पेलिंग माझ्याकडं," असं मला म्हणायचात. काल मी ठिपके मोजायला बसले होते. 'जी' या अक्षरापाशी सोडून दिलं, डोळे भरले म्हणून नाही, राग आला म्हणून. एवढे ठिपके देणाऱ्या माणसाला चारचौघांत अडाणी म्हटलं गेलं होतं, आणि तिथे मी उभी होते.

पण तिथे जायच्या आधी पायजम्याकडे जाते, कारण तिथे तुम्ही जिंकला होतात आणि मला ते कबूल करायला आज बरं वाटतंय.

गोष्ट त्याच्या नंतरची, मी बी.ए. झाल्यावरची. बाजारपेठेत समोरासमोर दोन कापडवाले. एकाचा कुर्ता-पायजम्याचा बोर्ड तुमच्या हातचा, त्यात पी नंतर वाय. दुसऱ्याने फ्लेक्स करून आणला, त्यात पी नंतर ए. फ्लेक्सवाल्याचा पोरगा सांगत सुटला की पेंटरचं चुकलंय, वाय टाकला की कॉम्प्युटर खाली लाल रेघ मारतो. तुम्ही मला फोन केलात. "कालेजबाई, त्या मशिनला विचार, ते कुठल्या गावचं हाय?"

मी जाऊन बघितलं. कॉम्प्युटरची भाषा अमेरिकन इंग्रजीवर लावलेली होती. ती ब्रिटिश इंग्रजीवर केली, वायवाला शब्द टाईप केला, लाल रेघ गेली. ए-वाला टाईप केला, रेघ आली. इंग्लंडच्या कोशात वायवालं रूप पहिलं आणि ए-वाल्यापुढे लिहिलेलं असतं की हे अमेरिकेचं. अमेरिकेच्या कोशात उलट. शब्द दोघांकडे गेला तो आपल्याकडूनच, आपल्याकडे आला फारसीतून. पाय आणि जामा, पायात घालायचा कपडा. साहेबाने तो झोपताना घातला, आणि त्याच्या पँटीला दोन पाय म्हणून ती जशी अनेकवचनी, तसा यालाही शेवटी एस लावला.

"म्हंजे एकच पायजमा घातला तरी लई?" तुम्ही विचारलंत.

"हो."

"मग आपल्या बोर्डाला एस नको. आपल्या गिऱ्हाइकाला एकच पायजमा पाहिजे असतो, त्यो बी उधार."

आणि तेही बरोबरच होतं. कुर्त्याच्या जोडीचा आपला पायजमा एस नसलेला चालतो, कोशात तसं नोंदलेलंही आहे. मी हे सांगितल्यावर तुम्ही फक्त मान हलवलीत. ठिपका आधीच दिलेला होता.

चटणीवर मात्र आपलं जमलं नाही. हायवेच्या धाब्यावाल्याला बोर्डावर सी एच ए टी एन आय पाहिजे होतं. "आमी चटणी म्हणतो, चटनीच लिहा," म्हणाला. तुम्ही त्याला डिक्शनरी दाखवलीत. सी एच यू टी एन ई वाय, दुसरं रूप नाही. मी म्हटलं, मामा, लिहा की त्याला पाहिजे तसं, शब्द आपला आहे. माझं म्हणणं होतं की साहेबाने ऐकलं तसं लिहिलं. त्यातला यू त्यांच्या कानाचा, आपल्या जिभेचा नव्हे. मोठ्या ऐतिहासिक कोशात तर जुन्या काळी लोकांनी कशी कशी लिहिली त्या रूपांची रांगच दिलेली असते. शब्द एकदा आत गेला की ते काढत नाहीत, वापरातून गेलेल्या रूपाला 'जुनं' अशी खूण करून ठेवतात.

"म्हंजे जुनं झालं तरी घरात ठेवत्यात?"

"हो."

"चांगली रीत हाय." मग धाब्यावाल्याकडे वळून, "तुला तुझ्या आईची चटणी विकायची असंल तर मराठीत रंगवतो, फुकट. इंग्रजीत विकायची तर इंग्रजीतल्यासारखी. त्यांच्या घरात जायचं तर चप्पल कुठं काढायची ते त्यांनी सांगायचं."

मी चिडले होते. आजही पटलेलं नाही. चटणी ज्या पाट्यावर वाटली त्याच्या मालकिणीला कोणी विचारलं नाही आणि साहेबाने स्पेलिंग ठरवून टाकलं, असं मी म्हणाले. "ठरवलं न्हाई, पडलं तसं," तुम्ही म्हणालात. हे तुम्हाला कसं कळलं होतं कोण जाणे. मला ते कळायला टी.वाय.चं वर्ष लागलं होतं. कोशवाले ठरवत नाहीत. ते गोळा करतात. पुस्तकांतून, वर्तमानपत्रांतून, छापलेल्या कागदांतून, आता इंटरनेटवरून. कोणी, कधी, कसं लिहिलं त्याची नोंद. जे रूप जास्त दिसतं ते आधी, कमी दिसतं ते नंतर, 'किंवा' म्हणून किंवा कंसात. कंसातलं रूप चूक नसतं, कमी चालणारं असतं.

हेच मला त्या दिवशी माहीत असायला हवं होतं.

मी एस.वाय.ला होते. आपल्या घराण्यात कॉलेजचं तोंड बघितलेली पहिली, आणि ते तोंड मी सगळीकडे मिरवत होते. हायस्कूलची नवी इमारत झाली होती. दारांवर आणि तुळयांवर इंग्रजी पाट्या पाहिजेत असा संस्थेच्या सेक्रेटरींचा हट्ट, कारण सेमी-इंग्रजी सुरू करायचं होतं. व्हरांड्याच्या तुळईवर हिरव्या पट्टीत पांढऱ्या एनॅमलने तुम्ही 'व्हरांडा स्वच्छ ठेवा' हे इंग्रजीत रंगवलं. शेवटच्या खांबापर्यंत जाणारं अक्षर, एकसारखं, फूटपट्टी न लावता.

उद्घाटनाला शहरातून एक पाहुणे आले होते, सुटाबुटातले; तुम्ही अजून शेवटची पाटी संपवत होतात. त्यांनी वर बघितलं, हसले, आणि इंग्रजीत काहीतरी पुटपुटले. सेक्रेटरींचा चेहरा पडला.

"ओ पेंटर! व्हरांड्याला शेवटी एच कुठनं आणला? कोणी शिकवलं तुम्हाला?"

"बुकात हाय साहेब."

"कसलं बुक? सातवी शिकलेला माणूस आम्हाला इंग्रजी शिकवणार? पाव्हण्यांपुढं अब्रू घालवली." मग मी दिसले. "ही तुमची भाची ना? इंग्लिशला हाय ना? विचारा हिलाच."

माझ्या पर्समध्ये खिशात मावेल अशी डिक्शनरी होती. कॉलेजच्या दुकानातली, छोटी. मी सगळ्यांसमोर काढली, पान उलटलं, शब्द सापडला. ए वर संपत होता. पुढे काही नव्हतं.

मी म्हणाले, "हो सर. एच नाहीये."

मामा, त्या छोट्या कोशात जागाच नव्हती. छोटा कोश एकच रूप देतो, बाकीची गाळतो. न दिलेलं म्हणजे चुकलेलं नव्हे. पण मला तेव्हा छापलेलं म्हणजे संपलेलं वाटायचं. शिकलेल्या घरातली पोरगी कदाचित म्हणाली असती, थांबा, मोठ्यात बघते. माझ्या घरात पुस्तक पहिल्यांदा आलं होतं. पहिल्यांदा आलेल्या पाहुण्याला कोणी उलटून विचारतं का?

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. रागाने नाही, तेच तर खुपतं. मग ब्रश रॉकेलमध्ये बुडवून पुसत म्हणालात, "मी पुसणार न्हाई. तुमाला पुसायचं असंल तर पुसा." आणि सायकलला डबे अडकवून निघून गेलात.

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरींनी कोणाकडून तरी त्या एचवर हिरवा डिस्टेंपर फासून घेतला. संस्थेच्या बाकी शाळांचं काम तुमच्या हातून गेलं. आणि गावात झालं की पेंटरचं इंग्रजी चुकतं, त्याच्या भाचीनेच सांगितलं.

पुढच्या वर्षी कॉलेजच्या लायब्ररीत मी मोठा कोश उघडला. ए वर संपणारं रूप, आणि शेजारी कंसात, एचसकट. दुसरा कोश उघडला, त्यात 'किंवा' लावून दोन्ही शेजारी शेजारी. ऑस्ट्रेलियाकडच्या कोशात तर एचवालंच आधी, हे पुढे कळलं. शब्द इंग्रजांनी हिंदुस्थानातून नेला, त्याआधी पोर्तुगीजांचाही त्यात हात आहे असं कोश सांगतात. जो तो कानाने लिहीत गेला, कोणी एच लावला, कोणी नाही, आणि दोन्ही टिकले.

मी धावत गाळ्यावर आले. आणि काय म्हणाले? "मामा, दोन्ही बरोबर आहेत बरं का." दोन्ही बरोबर! मी चुकले हे चार अक्षरी वाक्य माझ्या कॉलेजच्या तोंडातून निघेना.

"व्हय का?" तुम्ही म्हणालात. "मला म्हाईतच हुतं." आणि डिक्शनरीचं पान उघडून दाखवलंत. कंस. कंसात एच. शेजारी ठिपका. "कंसातलं म्हणून काय झालं? कंस म्हंजे व्हरांडाच की. घराच्या भायेर, पण घरातलाच."

त्यावर आपण दोघं हसलो, आणि तो विषय तिथे बुजला. पुढे आपण बाकी सगळ्यावर भांडलो. मुख्य भांडण बोर्डांचं. कोशवाले छापलेलं मोजतात हे सांगितल्यावर तुम्ही हट्टच धरलात, "मग माझे बोर्ड बी मोजायला पाहिजेत. पुस्तक हजार माणसं वाचत असतील. माझा स्टँडावरचा बोर्ड रोज हजार माणसं वाचत्यात, बिनपैशाची."

"मामा, ते कागद मोजतात, भिंती नाही."

"मग ते मोजणारं अर्धवट हाय."

अजूनही वाटतं, तुम्ही बरोबर होतात. जिल्ह्याचं नाव बदललं तेव्हा दुकानदारांनी जुन्या नावावर नवं रंगवायला तुम्हालाच हाक मारली. फ्लेक्सवाल्यांच्या गर्दीत शेवटचं मोठं काम. तेव्हा म्हणालात, "गावाचं नाव सरकार लिहून देतं, एकच, बदल न्हाई. शब्दाचं तसं नसतं. शब्दाला सरकार न्हाई, हे बरं हाय." मी हे वाक्य माझ्या क्लासच्या पोरांना सांगते. तुमचं नाव घेऊन सांगते.

आता त्या वहीचं.

घरी आणली आणि सहज मागे मागे चाळत गेले. बारा वर्षांपूर्वीचं पान लागलं. शाळेच्या पाट्यांची यादी. ऑफिस, लायब्ररी, लॅबोरेटरी, आणि खाली ती ओळ. व्हरांडा, शेवटी ठसठशीत एच. अक्षर सेक्रेटरींचं. खाली सही सेक्रेटरींची, लफ्फेदार, दोन रेघांची.

मामा, ही वही त्या दिवशीही नेहमीसारखी तुमच्या सायकलच्या पिशवीत होती! हात घातला असता तर संपलं असतं. पाहुण्यांसमोर, गावासमोर. तोच तर तुमचा कायदा, त्यासाठीच तर वही.

मी तशीच मामींकडे गेले. "मामी, हे दाखवलं का नाही त्यांनी?"

मामी शेंगा निवडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "मी बी तेच इचारलं हुतं. म्हणले, सही चूक झाल्यावर दाखवायची असती. चूक हुती कुठं? सही दाखवली म्हंजे एच चुकला हे मी कबूल केलं, फकस्त दुसऱ्याच्या नावावर टाकलं."

"मग डिक्शनरी तरी न्यायची शाळेत. दुसऱ्या दिवशी."

तेव्हा मात्र मामींनी वर बघितलं. "निघालेले की. डबे ठेवले, बुक काखेत मारलं, दारापर्यंत गेले. मग म्हणले, जाऊ दे. बुक दाखवलं तर पोरगी खोटी पडंल चारचौघात. आत्ताशी कुठं कालेजात जाया लागलीय. माझं काय, मी पेंटर. मला रोज कोन न कोन बोलतंय."

मामा, हे तुम्ही मला सांगायला पाहिजे होतं. मी भांडले असते तुमच्याशी. म्हणाले असते, पडू दे खोटी. खोटी पडलेली पोरगी उठते. तुम्ही बारा वर्षं कंसात बसलात माझ्यासाठी, आणि मी तुम्हाला दोन्ही बरोबर आहेत म्हणून सांगत होते.

परवा मी शाळेत गेले. पिशवीत डिक्शनरी, वही, आणि तुमचं फडकं. सेक्रेटरी आता थकलेत, पण खुर्ची सोडलेली नाही. ऑफिसात हेडसर, दोन मॅडम, शिपाईदादा. सगळे तिथे असतील अशाच वेळी गेले होते. दारात पाय ठेवला तेव्हा हात वहीवर होता. सही दाखवायची आणि चेहरा बघायचा, हे मी रस्ताभर रंगवत आले होते. पण मामींचं बोलणं आठवलं. चूक नव्हतीच, तर सही कशाला? वही पिशवीतच राहू दिली. डिक्शनरी टेबलावर ठेवली.

"सर, बारा वर्षांपूर्वी या व्हरांड्यात मी सगळ्यांसमोर सांगितलं होतं की एच चूक आहे. मी चुकले होते. माझे मामा बरोबर होते. हे बघा. कंसातलं. आणि हा त्यांचा ठिपका."

हेडसरांनी पान वाचलं, मग मॅडमनी. एक मॅडम म्हणाल्या, "हो की, मी पण एच लावूनच लिहिते."

सेक्रेटरींनी चष्मा वर केला. "अगं, पण माणूस गेला आता. आणि दोन्ही बरोबर म्हणतीस, तर राहू दे की जसं हाय तसं."

"दोन्ही बरोबर होतं सर, तर एक पुसलं कशाला?"

सेक्रेटरी डिक्शनरीकडे बघत होते, मग खिडकीतून तुळईकडे. त्यांना स्वतःचं अक्षर आठवलं का, मला माहीत नाही. मी विचारलं नाही, विचारणारही नाही. शेवटी म्हणाले, "त्या भिंतींना सुट्टीत रंग लावायचाच हाय. पट्टी ठेवू. कर तुला काय करायचं ते." मग शिपाईदादांना, "हिला स्टूल दे रे."

माफी मागितली नाही त्यांनी. मला ती नकोही होती. मला एच पाहिजे होता.

शिपाईदादांनी स्टूल धरलं. तुमचं फडकं बादलीत भिजवलं आणि चढले. तो हिरवा डिस्टेंपर अर्धा आधीच झडला होता, खालचा पांढरा डोकावत होता. आठवीची पोरं विचारायची म्हणे, ही जागा मोकळी का? ओल्या फडक्याचे चार हात, आणि डिस्टेंपर हिरव्या पाण्यासारखा हातावरून कोपरापर्यंत उतरला. खाली तुमचं एनॅमल तसंच होतं. उभ्या दोन रेघा, मधली आडवी, थोडी वर घेतलेली, तुमच्या सवयीप्रमाणे. चकचकीत.

खाली मुलं जमली होती. एकीने विचारलं, "मॅडम, हे बरोबर आहे?"

"बरोबर आहे," मी वरूनच म्हणाले, बारा वर्षांपूर्वीच्या त्या आवाजाएवढ्याच मोठ्याने.

घरी येऊन वही उघडली. तुमच्या शेवटच्या कामाच्या पुढचं पान कोरं होतं. त्यावर मी तो शब्द लिहिला, एचसकट, आणि खाली सही केली, पूर्ण नावाने, पुढे बी.ए. लावून. मजकूर माझा, अक्षर तुमचं. आता त्या पट्टीबद्दल कोणी काही बोललं, तर वही उघडा मामा, आणि माझी सही दाखवा.